तारेच्या अलीकडचा माणूस

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत धान निसवू लागला की शेतकऱ्याची झोप उडते. रोवणीपासून जपलेल्या बांधीत रानडुकरांचा एक कळप एका रात्री शिरतो. खातो थोडे, लोळून नासवतो फार. चार महिन्यांची मेहनत सकाळी चिखलात झोपलेली दिसते. मग कोणी बांधावर मचाण घालून जागल करतो, कोणी डबे वाजवतो, कोणी जुन्या साड्यांचे कुंपण बांधतो. आणि कोणी बांबूच्या खुंट्यांवर उघडी तार ताणून तिच्यात थेट विजेच्या लाइनचा करंट सोडतो.

ही शेवटची गोष्ट चुलबंदच्या काठापासून वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरी-नागभीडपर्यंत सगळ्यांच्या माहितीची आहे. बाजारात मिळणारी झटका मशीन वेगळी. ती साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही लहानशा भागापुरता धक्का देते, जनावर दचकून मागे सरते. लाइनवरून घेतलेला 230 व्होल्टचा प्रवाह थांबत नाही. त्यातला अँपिअरचा दहावा हिस्सा छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. स्नायू आखडतात, म्हणून तार धरलेला हात सुटत नाही. पाय चिखलात असले की विजेला जमिनीत उतरायला वाट आयतीच मिळते. डुकराला जी मारते ती तार बिबट्याला मारते, बैलाला मारते, पहाटे बांधावरून जाणाऱ्या माणसालाही मारते.

तार लावणारा माणूस मात्र खुनशी नसतो. तो शेजाऱ्याच्या मयतीला खांदा देतो, मंडईत दंडार पाहून हसतो, आजारी बैलापाशी रात्रभर बसतो. माणूस मारू नये हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही तो बटण दाबतो आणि घरी येऊन झोपतो. ही झोप त्याला कशी येते, हा एका अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे आणि त्यात शिरू पाहणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

क्षेत्राला नाव आणि आकार दिला अल्बर्ट बांडुरा यांनी. कॅनडातल्या मुंडारे नावाच्या लहानशा गावात 1925 साली जन्मलेला हा मानसशास्त्रज्ञ पुढे आयुष्यभर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत राहिला आणि 2021 साली वारला. त्यांच्या संकल्पनेला मराठीत ‘नैतिक अलिप्तता’ म्हणता येईल, पण मला तो शब्द पटत नाही. आपल्याकडे अलिप्त असणे हा गुण आहे, संतांनी तो मिळवायला सांगितला आहे. इथे घडते ते वेगळे. माणूस आपली नीती सोडून देत नाही, तेवढ्या कामापुरती तिच्याशी काडीमोड घेतो आणि काम झाले की पुन्हा तिच्यासोबत नांदू लागतो. म्हणून मी ‘नैतिक फारकत’ म्हणतो.

बांडुरांचे म्हणणे थोडक्यात असे. वाईट करताना आपल्याला आतून जी बोचणी लागते, ती आपोआप चालणारी नाही. ती जागी व्हावी लागते, आणि चार ठिकाणी तिला झोपवता येते: कृत्यापाशी, आपल्या हातापाशी, परिणामापाशी आणि ज्याचे नुकसान होते त्याच्यापाशी. या चार ठिकाणी मिळून त्यांनी आठ युक्त्या मोजल्या. त्या पाठ करण्यात अर्थ नाही. एका रात्रीच्या गोष्टीतून त्या ओळखता आल्या तर पुरे.

पुढचा प्रसंग कोणा एका शेतकऱ्याचा नाही, आमच्या भागात वारंवार ऐकू येणाऱ्या बोलण्यातून मी तो जुळवला आहे.

दोन एकर धान, सोसायटीचे कर्ज, आणि परवाच्या रात्री डुकरांनी लोळवलेली अर्धी बांधी. शेतकरी म्हणतो, “लेकराच्या तोंडचा घास राखतो जी, चोरी नाही करत.” इथे कृत्याला उंच जागा मिळाली, तार ही जणू बापाची जबाबदारी झाली. मग नाव बदलते. ‘जिवंत तार’ असे कोणी म्हणत नाही, ‘डुकराची तार’ म्हणतात. तार डुकराची म्हटली की तिला माणूस लागण्याचा विचारच त्या शब्दातून गळून जातो. पाठोपाठ तुलना येते: नदीतून रात्रभर रेतीचे ट्रॅक्टर उपसून नेतात त्यांना कोणी विचारत नाही, माझी एवढीशी तार ती काय!

आता हात. “दिवसा लाइन दिली असती, वनखात्यानं डुकरं आवरली असती, तर मला हे करा लागलं नसतं.” जबाबदारी वर सरकली. शिवाय तार एकट्याने लावलीच नाही. भावाने खुंट्या ठोकल्या, शेजाऱ्याने वायर दिली, ज्याच्या पंपावरून आकडा घेतला तो ‘मले काही माहीत नाही’ म्हणून गप्प राहिला. प्रत्येकाकडे कामाचा एक तुकडा आला, सगळे काम कोणाकडेच नाही. परिणामाचे तर बघायलाच नको. बटण इकडे, तारेचे टोक तिकडे अंधारात. काय पडले ते उजाडल्यावर कळणार.

आणि एका सकाळी तिथे डुक्कर नसते, मासे धरायला निघालेला कोणी पोर असतो. गाव हळहळते, आणि दुपारपर्यंत चावडीवर पहिले वाक्य येते, “रातच्यानं बांधीतून कायले गेला होता?” मेलेला आता आपल्या मरणाचे कारण होतो.

या गोष्टीतली एक बारीक बाब अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. तार लावल्या दिवशीच शेतकरी आपल्या पोरांना बजावतो, ‘तिकडच्या बांधावर जायचं नाही.’ म्हणजे तार माणूस मारते हे त्याला पक्के ठाऊक असते. आपल्या लेकरांपुरते ते ज्ञान जागे आहे, दुसऱ्याच्या लेकरांपुरते झोपलेले आहे. अज्ञान आणि फारकत यांतला फरक इथे पकडता येतो. अज्ञानी माणूस आपल्या घरच्यांनाही सावध करत नाही.

दुसरी खूण लपवण्याची. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ ‘जय’, त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ मोठा होऊन नागभीड तालुक्यात फिरत होता. एप्रिल 2017 मध्ये तो शेतातल्या करंटने मेलेला निघाला, आणि त्याचे शव जमिनीत पुरलेले सापडले. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून शोध लागला. जे काम करणाऱ्याला खरोखर निर्दोष वाटते ते तो रात्री खड्डा खणून पुरत नाही.

या युक्त्या केवळ बोलण्यापुरत्या आहेत की त्यांनी हात खरोखर जड होतो, हे तपासायला बांडुरा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1975 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. योगायोगाने तोही विजेचाच. विद्यार्थ्यांना सांगितले की दुसऱ्या खोलीतला गट चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, किती जोराचा ते तुम्ही ठरवा. प्रत्यक्षात झटका कोणालाच बसत नव्हता. सुरुवातीला काहींच्या कानावर, जणू चुकून, त्या गटाबद्दल एक वाक्य पडू दिले. कधी हे लोक समजूतदार आहेत असे, कधी जनावरासारखे आहेत असे. शिवाय काहींना सांगितले की झटका सर्वस्वी तुमच्या निर्णयाचा, काहींना सांगितले की तिघांच्या निर्णयांची सरासरी काढून तो दिला जाईल. ज्यांनी ‘जनावर’ ऐकले त्यांनी झटके वाढवले, आणि जबाबदारी वाटली गेली तेव्हाही वाढवले. कानावर पडलेला एक शब्द आणि तिघांत वाटलेला निर्णय, एवढ्याने हात जड झाला. आमच्या बांधीत खुंट्या ठोकणारा भाऊ आणि वायर देणारा शेजारी मला या प्रयोगात दिसतात.

भंडारा जिल्ह्यात राहून हा विषय लिहिणाऱ्याला खैरलांजी ओलांडून जाता येत नाही. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 साली आठ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. घटना ‘सूडाची’ मानली गेली, अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. तारेची गोष्ट आणि ही हत्या एका मापाची नाही, त्यांना एका तागडीत टाकणे मी अन्याय समजतो. तार लावणाऱ्याला कोणी मरावे असे वाटत नसते, तिथे मारण्यासाठीच लोक जमले होते. पण नंतर जी कुजबूज पसरली, मारल्या गेलेल्या आईच्या चारित्र्याविषयीची, ती चावडीवरच्या त्या वाक्याचीच सख्खी बहीण आहे. जातीने आधीच ज्यांना कमी माणूस ठरवले होते, त्यांच्याबाबतीत ती अधिक सहज पसरली.

आता या सिद्धांताची मर्यादा. बांडुरांच्या आधी, 1957 साली, ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांच्या सबबींचा अभ्यास मांडला होता. सबब आधी येते की नंतर, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आधी आली तर ती कृत्याचे दार उघडते, नंतर आली तर केवळ मलम लावते. माझे मत असे की पहिल्या वर्षी ती नंतर येते आणि दुसऱ्या वर्षी आधी. एका हंगामात स्वतःला समजावण्यासाठी शोधलेले वाक्य पुढच्या हंगामात तार घेऊन बांधावर जाते, आणि तोवर ते शेजाऱ्यानेही उचललेले असते. हे पडताळायचे तर एकाच गावात सलग दोन-तीन हंगाम बसावे लागेल. प्रश्नावली भरून घेऊन ते कळणार नाही, कारण प्रश्नावलीत माणूस आपल्याविषयी सांगतो आणि सबबीचे कामच मुळी त्या सांगण्यात घोळ करण्याचे आहे.

दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. डुकरे खरोखर धान नासवतात, पंचनामा खरोखर लांबतो, लाइन खरोखर रात्रीच येते. नुसत्या मनाच्या युक्त्या मोजत बसलो तर ज्या खात्यांनी त्याला तारेपर्यंत ढकलले ती मोकळी सुटतात, आणि सिद्धांतच त्यांची सबब होतो. म्हणून कारण खरे आहे का एवढे विचारून भागत नाही. ते कारण सांगणाऱ्याने झटका मशीनची चौकशी केली का, सामाईक जागल मागितली का, हेही विचारावे लागते. खऱ्या अडचणीतला माणूस दुसरी वाट मिळताच ती धरतो. फारकत घेतलेल्या माणसाला दुसरी वाट दाखवली की तो नवी सबब सांगतो.

वाचकांना एकच काम सांगतो. येत्या हंगामात तुमच्या गावात कानावर पडणारी अशी वाक्ये वहीत उतरवा. बोली बदलू नका, वाक्य नीटनेटके करू नका. ते कोणासमोर म्हटले गेले आणि तार लागण्याच्या आधी की नंतर, एवढे शेजारी नोंदवा, आणि पहिल्या पानावर आपण स्वतः म्हटलेले वाक्य असू द्या.