रचना-क्रिया संबंध : ॲड्रेनलिनपासून साल्ब्युटामॉलपर्यंत

रेणूच्या रचनेतला एखादा भाग बदलला की औषधाचा परिणाम कसा बदलतो, याचा अभ्यास म्हणजे रचना-क्रिया संबंध. यवतमाळात औषधाच्या दुकानात मिळणारा दम्याचा निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, हे त्याचे उत्तम उदाहरण.

सुरुवात ॲड्रेनलिनपासून. त्याच्या बेंझिन कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात (हेच कॅटेकॉल) आणि बाजूच्या साखळीच्या टोकाला नायट्रोजनवर मिथिल गट असतो. ॲड्रेनलिन श्वासनलिका सैल करते, पण रक्तदाबही वाढवते. मिथिलच्या जागी मोठा आयसोप्रोपिल गट बसवला, तेव्हा आयसोप्रेनलिन मिळाले. अल्फा ग्राहींवरचा परिणाम जवळपास गेला, बीटावरचा राहिला. मात्र हृदयाची धडधड सुटली नाही, शिवाय कॉम्ट हे विकर कॅटेकॉलमधल्या एका हायड्रॉक्सिलला मिथिल जोडून औषध लवकर निकामी करी.

तो हायड्रॉक्सिल काढून टाकावा, तर ग्राहीवरची पकड ढिली होते. खरी अडचण इथेच होती.

इंग्लंडमधील वेअर येथे डेव्हिड जॅक यांच्या चमूने 1960च्या दशकात त्या जागी हायड्रॉक्सिमिथिल गट बसवला. हायड्रोजन बंध जुळला, पण कॉम्टला तो ओळखता येईना. नायट्रोजनवर आणखी जाडजूड टर्शरी-ब्युटिल आल्याने श्वासनलिकेतील बीटा-2 ग्राहींकडचा कल वाढला. परिणाम चार ते सहा तास टिकू लागला. 1969मध्ये हे औषध, म्हणजेच साल्ब्युटामॉल, बाजारात आले.

निवड तरीही पूर्ण नाही. हातापायांच्या स्नायूंतही बीटा-2 ग्राही असतात, म्हणून पंप जास्त ओढला की बोटे थरथरतात.