‘जुना मिक्सर द्या, नवा न्या’: दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये नेमकं काय लिहिलेलं असावं?

दिवाळीला पंधरा दिवस उरले की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक ठरावीक चित्र फिरू लागतं. कोपऱ्यात पणती, मधोमध चकचकीत मिक्सर आणि वर ठळक अक्षरांत ‘जुना मिक्सर आणा, २,००० रुपयांपर्यंत सूट मिळवा!’ अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. अटी कोणत्या, हे कळतं ते दुकानात गेल्यावर, जुना मिक्सर पिशवीत घेऊन काउंटरसमोर उभं राहिल्यावर.

जुनं देऊन नवं घेणं नाशिकला नवं नाही. भांडी बाजारात पितळेचं, तांब्याचं जुनं भांडं मोडीत घालून नवं घेण्याची पद्धत फार जुनी आहे. तिथला हिशेब साधा असतो. जुनं भांडं तराजूत जातं, मोडीचा भाव किलोवर ठरतो, नव्या भांड्याचं वजन वेगळं होतं आणि वरचा फरक गिऱ्हाईक देतं. मोडीचा भाव नव्यापेक्षा कमी असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि दोन्ही आकडे समोर असतात. मिक्सर, गॅस शेगडी, ओव्हन यांना असा तराजू नाही. पंधरा वर्षं वापरलेल्या मिक्सरची किंमत दुकानदार सांगेल ती. म्हणून इथे जाहिरातीतल्या मजकुरालाच तराजूचं काम करावं लागतं.

एक नाही, दोन किमती हव्यात

समजा, ७५० वॅटच्या, तीन जारच्या एका मिक्सरवर छापील किंमत ५,४०० रुपये आहे. जाहिरात म्हणते, ‘जुना मिक्सर द्या आणि हा फक्त ३,४०० रुपयांत न्या’. वाचणारा लगेच वजाबाकी करतो: म्हणजे माझ्या जुन्या मिक्सरचे २,००० रुपये आले!

आता दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘जुना काहीच दिला नाही, तर हाच मिक्सर केवढ्याला?’ उत्तर आलं ३,९०० रुपये, तर तुमच्या जुन्या मिक्सरची खरी किंमत ५०० रुपये. उरलेले १,५०० रुपये ही दुकानाची साधी दिवाळी सूट आहे आणि ती रिकाम्या हाताने आलेल्यालाही मिळते. छापील किमतीच्या खाली विकणं हा रोजचा व्यवहार आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ही सूट जुन्या वस्तूच्या नावावर दाखवणं. ५०० रुपयेसुद्धा वाईट सौदा असतोच असं नाही. घरातली अडगळ जाते, भंगारवाल्याशी घासाघीस टळते. पण तो सौदा ५०० चा आहे हे घरीच कळलं पाहिजे, म्हणजे ठरवता येतं की मिक्सर द्यायचा, की दोनशे-तीनशे रुपयांत दुरुस्त करून गावी पाठवायचा.

म्हणूनच एक्स्चेंजच्या चांगल्या मजकुरात दोन किमती शेजारी शेजारी असतात: जुन्याशिवाय किती, जुन्यासह किती. दुसरी एकटीच दिसली, तर पहिली विचारा.

वस्तू आणि सेवा कराच्या नियमांतही हाच विचार आहे. नियम क्रमांक २७ मध्ये एक उदाहरण दिलं आहे: नवा फोन जुन्याच्या बदल्यात २०,००० रुपयांना दिला, पण एक्स्चेंजशिवाय तो २४,००० ला मिळतो, तर त्याचं बाजारमूल्य २४,००० धरायचं. जुना फोन म्हणजे सूट नव्हे, तोही मोबदल्याचाच भाग आहे आणि तो मोजायचा तो ‘जुन्याशिवाय किती’ या किमतीवरून. कराचा हिशेबही त्या मूल्यावर होतो. म्हणून मजकुरात दोन्ही किमतींपुढे ‘सर्व करांसह’ असं लिहिलेलं हवं, नाहीतर बिलाच्या वेळी आकडा वाढतो आणि वाद होतो.

‘पर्यंत’ या शब्दाकडेही जरा लक्ष द्या. ‘२,००० रुपयांपर्यंत’ म्हणजे सगळ्यात महागड्या मॉडेलवर, तेही कदाचित एकाच, २,००० आणि बाकीच्यांवर ३०० सुद्धा असू शकतात. मॉडेलनुसार रक्कम लिहिली, तर हा शब्द लागतच नाही.

अटी कुठे आणि कशा लिहायच्या

दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जाहिरात पेपरातल्या पत्रकात असो की फेसबुकवर, ती लागू होतात. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: अट ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत, त्याच अक्षरांत आणि ठळक जागी हवी, नेहमीच्या वेगाने एकदा वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे. म्हणजे वर मराठीत ‘भव्य एक्स्चेंज’ आणि खाली इंग्रजीत बारीक अटी, हे चालत नाही. शिवाय वरचा दावाच दिशाभूल करणारा असेल, तर खालच्या अटीने तो दुरुस्त होत नाही. ‘कोणताही जुना मिक्सर आणा’ असं वर लिहून खाली ‘फक्त चालू स्थितीतला’ म्हटलं, तर ती अट नाही, वरच्या वाक्याची माघार आहे.

याच तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातीबद्दलही सांगितलं आहे. जाहीर केलेल्या किमतीला वस्तू देण्याइतका माल दुकानात असायला हवा आणि साठा मर्यादित असेल तर ते आधीच स्पष्ट करायला हवं. ‘स्टॉक असेपर्यंत’ हे शब्द सगळेच छापतात. त्यापेक्षा ‘एकूण ४० नग’ हे कितीतरी प्रामाणिक.

आता वाद कशावरून होतात ते पाहू. पहिलं कारण जुन्या वस्तूची स्थिती. ‘जुना मिक्सर’ म्हणजे काय? बंद पडलेला चालेल का? जार फुटलेले असतील तर? फक्त मोटरचा खालचा भाग आणला तर? मजकुरात हे लिहिलेलं नसेल, तर काउंटरवरचा माणूस तिथल्या तिथे ठरवतो आणि सायंकाळच्या गर्दीत त्याचा निर्णय तुमच्या बाजूने लागेलच असं नाही.

गॅस शेगडीचं जरा वेगळं आहे. जुनी शेगडी देताना रेग्युलेटर आणि सिलिंडर त्यात येत नाहीत, सिलिंडर तर गॅस कंपनीच्याच मालकीचा असतो. नाशिकच्या काही भागांत आता पाइपचा गॅस आला आहे. सिलिंडरच्या गॅसची शेगडी पाइपच्या गॅसवर तशीच चालत नाही, तिच्या जेटचं भोक वेगळ्या मापाचं लागतं. त्यामुळे नवी शेगडी कोणत्या गॅसची आणि जेट बदलून देणार का, हे मजकुरात हवं. ही ओळ मी फारच थोड्या जाहिरातींत पाहिली आहे.

दुसरं कारण तारीख. ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ असं लिहिणं छान वाटतं, पण २०२५ मध्ये मराठी कॅलेंडरांत लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी दिवाळी २० ला झाली. सण लिहा, पण शेजारी तारीखही लिहा.

तिसरं कारण सगळ्यात अवघड आणि त्यावर मजकुरात बहुधा काहीच नसतं. नवा मिक्सर घरी नेला, चौथ्या दिवशी जळका वास येऊ लागला. दुकान बदलून देईल की पैसे परत करेल? पैसे परत, तर ३,४०० की ३,९००? आणि जुना मिक्सर? तो तर कधीच गेला. जुनी वस्तू परत मिळणार नाही ही अट दुकानदाराच्या बाजूने रास्त आहे, कारण तो ती ठेवून घेत नाही. पण मग पैसे परत देताना जुन्याचे ५०० धरूनच द्यायला हवेत. हे दोन्ही एकाच ओळीत लिहिता येतं.

मजकूर असा असू शकतो

वरच्याच उदाहरणातल्या मिक्सरसाठी, २०२५ च्या दिवाळीच्या तारखा धरून:

> जुना मिक्सर द्या, नवा न्या
> ७५० वॅट, ३ जारचा मिक्सर (छापील किंमत ५,४०० रु.)
> जुन्याशिवाय: ३,९०० रु. | जुना मिक्सर दिल्यास: ३,४०० रु. (दोन्ही किमती सर्व करांसह)
>
> जुना मिक्सर कोणत्याही कंपनीचा, चालू किंवा बंद चालेल. मोटरचा भाग आणि किमान एक जार हवा. जुनं बिल लागणार नाही.
> एका नव्या मिक्सरवर एकच जुना. बँक कार्डाची सवलत यासोबत मिळणार नाही.
> शुक्रवार १७ ऑक्टोबर ते गुरुवार २३ ऑक्टोबर (वसुबारस ते भाऊबीज). एकूण ४० नग.
> नाशिक शहरात घरपोच दिल्यास जुना मिक्सर त्याच वेळी घेऊ, वेगळा आकार नाही.
> घेतलेला जुना मिक्सर परत मिळणार नाही. नवा सदोष निघाल्यास ७ दिवसांत बदलून देऊ. तसाच दुसरा नसल्यास ३,९०० रु. परत.
> जुने मिक्सर नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे जातात.

हे एका पोस्टच्या चित्रात सहज मावतं, पणती थोडी लहान करावी लागेल इतकंच. शेवटची ओळ मात्र खरी असेल तरच लिहावी. मिक्सर, ओव्हन यांसारखी विजेवरची उपकरणं २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली येतात. जुना माल संध्याकाळी टेम्पोत भरून भंगारात जात असेल, तर ही ओळ म्हणजे आणखी एक खोटा दावा. बिनविजेची साधी गॅस शेगडी ई-कचऱ्यात मोडत नाही.

‘मोफत’ हा शब्द वरच्या मजकुरात कुठेही नाही, हे लक्षात आलं असेल. ‘जुन्या कुकरवर नवी कढई मोफत’ असं लिहून वर ३०० रुपये मागितले, तर ती मोफत नव्हे. बोहारणीशी जुन्या साड्यांवर हुज्जत घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

खरेदीला जाताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा, त्यात तारीख आणि दुकानाचं नाव दिसू द्या. बिलावर नव्याची पूर्ण किंमत आणि जुन्याचे वजा झालेले पैसे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. बिलावर नुसते ३,४०० असतील, तर पुढे ३,९०० मागायला हातात काही राहत नाही. जाहिरातीत लिहिलेलं दुकानाने नाकारलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.