घराचा विमा : 'नामनिर्दिष्ट धोके' आणि 'सर्वजोखीम' यांतील भेद

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाने गोव्यात असंख्य झाडे उन्मळून पाडली. त्याच वर्षीच्या जुलैत म्हादईच्या पुराचे पाणी सत्तरीतील अनेक घरांत शिरले. अशा आपत्तीनंतर विमाधारकाला मिळणारी भरपाई नुकसान किती झाले एवढ्यावरच ठरत नाही. ते कशामुळे झाले आणि पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, यावरही ती अवलंबून असते.

घराच्या विम्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात, म्हणजे नामनिर्दिष्ट धोक्यांच्या पॉलिसीत, ज्या धोक्यांची नावे छापलेली असतात तेवढ्यांचीच भरपाई मिळते. दुसऱ्यात, म्हणजे सर्वजोखीम पॉलिसीत, जे स्पष्टपणे वगळलेले नाही अशा प्रत्येक आकस्मिक नुकसानीला संरक्षण असते. यातूनच पुराव्याची जबाबदारीही बदलते. पहिल्या प्रकारात नुकसान यादीतील धोक्यामुळे झाले, हे विमाधारकाने दाखवून द्यावे लागते. दुसऱ्यात आकस्मिक नुकसान झाल्याचे दाखवले की ते वगळलेल्या कारणामुळे झाले, हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर येते.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी पहिल्या प्रकारची आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, भूस्खलन, झाड पडल्याने झालेले नुकसान आणि पाण्याची टाकी फुटणे हे धोके तिच्या यादीत आहेत. भूकंपाचा समावेश विशेष लक्षात घ्यावा. पूर्वीच्या प्रमाणित आग-विम्यात त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागे.

नावावरून सर्वजोखीम पॉलिसी नेहमीच अधिक व्यापक वाटते. ते मात्र खरे नव्हे. अमेरिकेतील प्रचलित गृहविम्यात वास्तूला सर्वजोखीम संरक्षण असते, तरी पूर आणि भूकंप त्यातून वगळलेले असतात. २००५ च्या 'कतरिना' चक्रीवादळानंतर तेथे घर वाऱ्याने मोडले की पाण्याने, यावरून असंख्य वाद न्यायालयांत गेले. कारण वाऱ्याची भरपाई मिळत होती, पुराची नव्हती. म्हणून पॉलिसीच्या नावापेक्षा तिच्यातील वगळलेल्या बाबींची यादी आधी वाचावी.

एका काल्पनिक घराचे उदाहरण घेऊ. १०० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या या घराचा बांधकाम-खर्च चौरस मीटरला २५,००० रुपये धरला, तर वास्तूची विमा रक्कम २५ लाख रुपये होते. जमिनीची किंमत तीत धरायची नसते. वास्तूचा विमा असल्यास 'भारत गृह रक्षा'त घरातील सामानाला वास्तूच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते; येथे ते ५ लाख होईल. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

आता पावसाळ्यातील एका रात्री माड कोसळून कौले व वासे मोडले : खर्च १ लाख ८० हजार. पुराच्या पाण्याने फ्रीज व लाकडी सामान खराब झाले : २ लाख ४० हजार. हे दोन्ही धोके यादीत असल्याने एकूण ४ लाख २० हजारांचा दावा ग्राह्य ठरेल. साफसफाईच्या गडबडीत कोणाचा तरी धक्का लागून टीव्ही पडून फुटला, तर नामनिर्दिष्ट पॉलिसीत त्याचे पैसे मिळणार नाहीत. सामानालाही लागू असलेल्या सर्वजोखीम पॉलिसीत ते मिळू शकतात. मात्र वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या पाण्याने भिंतीला आलेल्या ओलीचे ४० हजार रुपये दोन्हींत नाकारले जातील, कारण तो आकस्मिक अपघात नसून हळूहळू झालेला ऱ्हास आहे.

पावसाळी दावे बहुधा याच सीमारेषेवर अडतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर साधारण एकाच उंचीवर गाळाची रेघ राहते. गळतीचे डाग मात्र छताखाली किंवा पाइपांजवळ अनियमित पसरतात, आणि बुरशी व सुटलेला गिलावा जुनेपणा उघड करतात. सर्व्हेअर नेमके हेच पाहतो. म्हणून भिंत धुण्यापूर्वी त्या रेघेची छायाचित्रे घ्यावीत, मोडलेल्या वस्तू पाहणीपर्यंत जपून ठेवाव्यात आणि कंपनीला तत्काळ कळवावे.

किनाऱ्यालगतच्या आणि नदीकाठच्या घरमालकांनी आणखी एक अट तपासावी. जमीन खचणे व भूस्खलन यांना संरक्षण असले, तरी समुद्राने किंवा नदीने काठ हळूहळू कापत नेल्याने झालेली धूप त्यातून वगळलेली आहे. नव्या बांधकामाच्या नैसर्गिक बैठकीमुळे पडलेल्या भेगा आणि सदोष बांधकामाचे परिणाम यांनाही संरक्षण नाही.