कुकरचा तळ काळा का पडतो?

घासूनपुसून लख्ख केलेला अॅल्युमिनियमचा कुकर दुसऱ्या दिवशी उघडावा, तर आतून पाण्याच्या रेषेपर्यंत तो काळपट झालेला असतो. भांडे नीट धुतले गेले नाही, असा दोष मग धुणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः हा काळेपणा मळ नव्हे. पुष्कळदा तो धुण्याच्या पद्धतीतूनच वाढतो.

अॅल्युमिनियमला हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर तयार होतो. भांड्याचे रक्षण हाच थर करतो. अल्कधर्मी, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात मात्र तो टिकत नाही. धुण्याचा सोडा, काही कडक साबण आणि चुलीची राख ही सगळी अल्कधर्मी द्रव्ये आहेत. ती मूळ थर विरघळवतात, उघडा पडलेला धातू पाण्याशी संयोग पावतो आणि त्या जागी जाड, खडबडीत थर बसतो. पाण्यातील लोह व इतर क्षार त्यात अडकले की त्याला करडा, पुढे काळा रंग येतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते, म्हणूनच डब्यांखाली ओतलेले पाणी जिथवर पोहोचते तिथवरच डाग दिसतो. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच आणि राख दोन्ही चालत असे. अॅल्युमिनियम घरात आल्यावर राखेची सवय तशीच राहिली आणि तीच त्याला भोवली.

उपाय करण्यापूर्वी डाग कोणता हे ओळखावे. काळ्या जागेवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावेत. जागा उजळली तर तो ऑक्साइडचा थर, आणि तो आंबटाने निघेल. काहीच फरक पडला नाही तर ते करपलेले अन्न किंवा बाहेरून बसलेली तेलकट काजळी असण्याचा संभव अधिक. तिथे आंबट वाया जाते. गरम पाण्यात भांडे भिजत ठेवून सौम्य साबणाने घासणे हाच मार्ग.

पाच लिटरच्या कुकरचा तळ साधारण चार बोटे उंचीपर्यंत काळा आहे, असे समजू. प्रथम शिट्टी आणि गास्केट काढून झाकण बाजूला ठेवावे. डागाच्या वर एक बोट येईल इतके पाणी घ्यावे. दर लिटरला लिंबाएवढा चिंचेचा गोळा कुस्करून घालावा. चिंच नसल्यास दोन लिंबांचा रस किंवा तीन मोठे चमचे व्हिनेगर चालते. आमसुले व बिंबल यांचेही काम तेच. कुकर उघडाच ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळी द्यावी. झाकण मुळीच लावू नये, कारण चिंचेचा चोथा वाफेच्या नळीत अडकू शकतो. पाणी कोमट झाल्यावर नारळाच्या काथ्याने किंवा मऊ स्पंजने हलकेच चोळावे, स्वच्छ धुवावे आणि लगेच कोरडे पुसावे. या पाण्यात अॅल्युमिनियम उतरलेले असते, त्यामुळे ते स्वयंपाकात न वापरता ओतून द्यावे.

हे आंबट धातूलाही खाते, म्हणून रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह टाळावा. तारेच्या घासणीने चरे पडतात आणि कापडाला करडा रंग लागत राहतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस येतो खरा, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. नुसता सोडा गरम पाण्यातून वापरला तर काळेपणा उलट वाढतो. नळी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा तर कधीच वापरू नये. तो अॅल्युमिनियम विरघळवतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. ब्लीच व आंबट एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. ज्या कुकरला मुळातच गडद, कठीण लेप दिलेला असतो (हार्ड अॅनोडाइज्ड), त्यावर हा प्रयोग करू नये. त्याचा काळा रंग हेच त्याचे कवच होय.

तळ उजळल्यावर रोजच्या वापरात डब्यांखालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची एक फोड किंवा एखादे आमसूल टाकावे. पाणी किंचित आंबट राहिले की थर जाड होत नाही. खारट पाणी किंवा उरलेले वरण मात्र भांड्यात रात्रभर ठेवू नये. त्याने पडणारे बारीक खड्डे आणि त्यांतली पांढरी भुकटी आंबटाने भरून येत नाही, आणि तळ पातळ होऊन पाणी झिरपू लागले की तो कुकर बदलावाच लागतो. नुसता काळा थर तेवढा धोक्याचा नाही. तो अन्नात विष कालवत नाही, त्यामुळे दर आठवड्याला त्याच्यामागे लागून धातू झिजवण्याचे कारण नाही.