पाच दिवसांचा पाहुणा

दिवाळी पाच दिवसांची असं सगळे म्हणतात, पण आमच्या वाईकडच्या घरात हे पाच दिवस एकमतानं मोजलेले मला आठवत नाहीत. थोरली आत्या वसुबारसेपासून मोजायला लागायची आणि भाऊबीजेपर्यंत सहा भरले की म्हणायची, "बारस गाईवासराची, ती आपल्यात धरू नका." त्या दिवशी गहू आणि दूधदुभतं वर्ज्य, म्हणून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आम्हा पोरांनाही ती दिवाळीत धरायची नव्हतीच.

नानाकाका मात्र पंचांगाचे. 2022 साली ते नव्वदीला टेकले होते आणि त्या वर्षीची दिवाळी म्हणजे त्यांना मेजवानीच. सोमवारी 24 ऑक्टोबरला पहाटे चतुर्दशी, म्हणून अभ्यंगस्नान तेव्हा. त्याच दिवशी संध्याकाळी अमावास्या लागली, म्हणून लक्ष्मीपूजनही तेव्हाच. मंगळवारी संध्याकाळी सूर्यग्रहण, त्यामुळे तो दिवस मोकळा. बुधवारी सूर्योदयाला प्रतिपदा आणि दुपार कलताना द्वितीया, म्हणून पाडवा अन् भाऊबीज एकाच ताटात. सूनबाई म्हणाली, "म्हणजे ओवाळणी दोन की एक?" काकांनी चष्मा पुसत दहा मिनिटं प्रदोषकाळ आणि अपराण्हकाळ समजावला. ओवाळणीचं उत्तर काही मिळालं नाही.

आजी असती तर म्हणाली असती, दिवस मोजता कशाला, यम आला कधी नि गेला कधी तेवढं बघा. तिच्या लेखी दिवाळी म्हणजे यमाचा मुक्काम. तेरसेला यायचा, बीजेला बहिणीच्या हातचं जेवून परत जायचा. लहानपणी आम्हाला हे फार भयंकर वाटायचं, पण तिच्या बोलण्यात भीती नसे. तऱ्हेवाईक जावयाबद्दल बोलावं तसं ती यमाबद्दल बोलायची.

तेरस

संध्याकाळी धण्या-गुळाचा नैवेद्य झाला की आजी परातीत मूठभर कणीक घ्यायची. त्यात चिमूटभर हळद, मीठ नाही. पाणी थेंबाथेंबानं, कारण कणीक सैल झाली की दिवा बसतो आणि तेल पितो. फार घट्ट झाली की काठाला चीर जाते आणि तेल ओघळून वात तडतडायला लागते. गोळा हातावर फिरवून मधोमध अंगठा दाबायचा, एका बाजूला चिमटीनं चोच काढायची आणि तासभर तसाच सुकू द्यायचा. मग तिळाचं तेल, एक वात, आणि उंबऱ्याबाहेर दक्षिणेकडे चोच करून ठेवायचा. एरवी दक्षिणेला दिव्याचं तोंड केलं तर आजी हातावर चापट मारायची. सकाळी तो दिवा गाईच्या पुढ्यात.

गोष्ट ती राजपुत्राची सांगायची. लग्नाच्या चौथ्या दिवशी सर्पदंशानं मरायचं त्याच्या पत्रिकेत होतं. बायकोनं दारात सोन्यानाण्याचा ढीग घातला, दिवे लावले आणि रात्रभर गोष्टी सांगून त्याला जागं ठेवलं. सापाच्या रूपात आलेल्या यमाचे डोळे दिपले आणि तो परत गेला. थोरल्या आत्याच्या तोंडी हीच गोष्ट सावित्रीची व्हायची. कुणी चूक काढली की म्हणायची, "नवरा वाचला ना? मग झालं."

पण आजीची खरी गोष्ट वेगळीच होती. ती तिच्या आईकडून आलेली, आणि आता मी सांगतोय म्हणजे तिसऱ्या हातची, तेव्हा तपशील इकडचेतिकडे झाले असतील. 1918 सालची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली होती. त्याआधीचे दोन महिने मानमोडीच्या तापाचे. लढाईवरून परतणाऱ्या जहाजांबरोबर मुंबईत उतरलेला तो इन्फ्लुएन्झा पावसाळा संपता संपता गावोगाव पसरला, आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात म्हातारे कमी, कर्ते जास्त. त्या वर्षी पाऊसही नीट नव्हता. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिच्या घरातून एक काका आणि एक नवी सून गेली होती. आळीत बऱ्याच घरांना सुतक, त्यामुळे कुणी कंदील लावला नव्हता, फराळाचा वास नव्हता. तरी तेरसेला यमाचा दिवा लावायचा की नाही, यावर घरात वाद झाला. पणजोबा म्हणाले, जो घेऊन गेला त्याला दिवा कसला? पणजी म्हणाली, आता नाही दाखवला तर पुन्हा चुकून याच दारात शिरेल. सुतकात तिला हात लावता येईना, म्हणून शेजारच्या घरातल्या बाईनं कणीक मळली आणि हिच्या दाराशी दिवा ठेवला.

पुढे कुणी गेलं नाही का, असं मी आजीला विचारलं होतं. "गेला की. पाडव्यानंतर एक चुलतभाऊ गेला," ती म्हणाली आणि वाती वळत राहिली.

चतुर्दशी

या दिवसाचं आकर्षण म्हणजे कारीट. आजीचं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे दिवाळीआधी येणारा-जाणारा कुणी ना कुणी ती लहानशी कडू फळं फडक्यात बांधून आणायचा. आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, म्हणजे नरकासुर मारायचा, आणि त्याचं बी जिभेला लावायचं. कडवटपणा दुपारच्या लाडवापर्यंत घशात राहायचा. गोव्यात माझ्या मामेभावाकडे रात्रभर नरकासुराचे पुतळे मिरवून पहाटे जाळतात आणि मग पाच प्रकारचे पोहे खातात. तो म्हणतो, तुमचा नरकासुर फारच छोटा.

उटणं घरचं. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, वाळा, आंबेहळद, असं काय काय आजोबा उखळात कुटायचे. भरड राहिलं की पाठ सोलून निघायची आणि आंघोळ झाल्यावर तासभर झणझणायची. चुलाण्यावरच्या हंड्यातलं पाणी, आणि अंधारात अंगाभोवती फिरणारी आघाड्याची डहाळी. उगवतीच्या आत न न्हालेला नरकात जातो, ही धमकी. मी दोनदा तरी गेलो असेन.

आंघोळीनंतर आजोबा ओलेत्यानं दक्षिणेकडे तोंड करून ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडायचे. यमाची चौदा नावं, नावागणिक ओंजळ. वडील हयात असलेल्यानं तर्पण करू नये म्हणतात, पण यमाला आणि भीष्माला ते चालतं, म्हणून माझे वडीलही शेजारी उभे असायचे. शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा एकदा हे पाहून म्हणाले, "माझी पेन्शन चौदा महिने अडकलीय, त्यालाही काही नाव आहे का?" आजोबांनी त्यांना चहा पाजला.

अमावास्या

लक्ष्मीपूजनाबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण त्या संध्याकाळी आमचं लक्ष फटाक्यांवर असायचं. पाटावर रोजमेळ आणि खतावणी, वर कुंकवाचं स्वस्तिक, लाह्या-बत्तासे, आणि बाजूला शिंदीची कोरी केरसुणी. केरसुणीला हळदकुंकू वाहताना आजी जितकी गंभीर असे तितकी पैशाला वाहताना नसे. मध्यरात्री सूप बडवून अलक्ष्मीला हाकलायचा मान थोरल्या आत्याचा. सगळी आळी जागी व्हायची.

एका वर्षी मात्र सूप वाजलं नाही. 1962 साल, चीननं हल्ला करून आठवडाच झाला होता. फटाके आणायचे नाहीत असं वडिलांनी सांगितलं आणि मी रडलो, एवढं पक्कं आठवतं. आजीनं त्यानंतर संरक्षण निधीला पाटली दिली असं काका म्हणतात. आत्या म्हणते, पाटली नव्हे, कानातली कुडी, आणि तीसुद्धा एकच.

पाडवा

सकाळी अंगणात शेणाच्या गवळणी मांडायच्या, त्यांच्यामध्ये शेणाचाच बळीराजा, डोक्यावर झेंडूचं फूल. तो घालायला आमच्या वाटेकऱ्याची आई यायची. ती ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणायची. आजोबा ओसरीवर बसून आम्हाला वामनाची गोष्ट सांगायचे, तीन पावलं आणि पाताळ. एकाच अंगणात एक बाई त्या राजाला परत बोलावते आहे आणि ओसरीवरचा माणूस त्याला जमिनीत गाडणाऱ्याचं कौतुक सांगतो आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

1873 साली 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी हीच गोष्ट उलटी करून मांडली. बळी न्यायी राजा आणि वामन कपटी. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं. त्या म्हातारीनं ते पुस्तक पाहिलं असण्याची शक्यता नाही, तिला अक्षरओळख नव्हती. मी एकदा तिला विचारलं होतं, बळी परत आला तर काय होईल? ती म्हणाली, "वाटा निम्मा मिळंल." आजोबांनी हे ऐकलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी तिच्या ओटीत अनारसे जरा जास्त पडले, एवढं खरं.

अनारशाचं इथेच सांगून टाकतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, कांडून ओलसर पिठात गूळ कालवून गोळा मुरत ठेवायचा. खसखशीवर थापलेली बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, नुसतं झाऱ्यानं वर तूप उडवायचं. गूळ जास्त झाला की अनारसा कढईत फसकन पसरतो. त्याला 'हसला' म्हणतात. आमच्याकडे पहिला घाणा हमखास हसायचा, आणि हसलेले अनारसे पोरांचे.

बीज

यमुनेनं यमाला जेवायला बोलावलं तो हा दिवस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आजीला सख्खा भाऊ नव्हता, ती दरवर्षी परसात उभी राहून बीजेची कोर शोधायची. ढग असले की आकाशाला शिव्या.

एका वर्षी तिनं माणसाला ओवाळलं. साताऱ्यात प्रतिसरकार होतं तेव्हाची ही हकीकत, म्हणजे 1943 ते 46 मधली कुठली तरी दिवाळी. नाना पाटलांच्या माणसांपैकी एक भूमिगत पोरगा रात्री परसदारानं आला, दोन दिवस माळ्यावर राहिला. बीजेला संध्याकाळी गावात पोलीस आले. आजीनं त्याला खाली बोलावलं, आजोबांचं धोतर नेसवलं, पाटावर बसवलं आणि ताट हातात घेतलं. हवालदार दारात आला तेव्हा ती ओवाळत होती. "माहेरचा भाऊ," म्हणाली. हवालदार घटकाभर उभा राहिला आणि गेला.

नानाकाकांच्या मते हवालदाराला सगळं कळलं होतं, पण त्याचीही बहीण असणारच. थोरल्या आत्याच्या मते त्याला काही कळलं नव्हतं, त्याचं लक्ष करंज्यांवर होतं. त्या पोराजवळ ओवाळणीत घालायला काही नव्हतं, म्हणून त्यानं कनवटीची सुपारी घातली असं काका सांगतात. आत्या सांगते, चांदीचा रुपया होता. तो पुढे पकडला गेला, सुटला की नाही, यावरही दोघांचं जमत नाही.

आजीला मी स्वतः विचारलं होतं. ती म्हणाली, "सुपारी का रुपया ते नाही आठवत. पण जेवला पोटभर. चार पोळ्या, आणि वर भात मागितलान्."