रुमालाखालचा भाव आणि वर्गातला शेअर

आमच्या कवठे येमाईत ‘शेअर’ हा शब्द शेअर बाजाराच्या आधी आला, तो साखर कारखान्यामुळे. शिरूर तालुक्यात कुणाला विचारलं तर घरातल्या कुणा ना कुणाच्या नावावर न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याचा शेअर असल्याचं सांगतील. पण हा शेअर वेगळ्या जातीचा आहे. त्याचा भाव वर-खाली होत नाही. तो दर्शनी किमतीला घ्यायचा, बाजारात विकायचा नाही. शेअर कितीही असले तरी मत एकच. सभासदाला फायदा मिळतो तो उसाच्या दरातून, शेअरच्या किमतीतून नव्हे. याउलट ज्याचा भाव आमच्याकडे रोज हलतो, तो कांदा. म्हणजे इथल्या पोराला हलणारा भाव माहीत असतो आणि शेअरही माहीत असतो, पण हलणाऱ्या भावाचा शेअर माहीत नसतो. तो त्याला आता मोबाईलवर भेटतो. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यामुळे काल्पनिक कंपन्यांचे शेअर देऊन वर्गात बाजार भरवण्याच्या खेळाचा इतिहास मला इथून बघावासा वाटतो.

असे खेळ दोन प्रकारचे असतात. पहिल्यात भाव वरून येतो. फासा पडतो किंवा चिठ्ठी निघते, शिक्षक फळ्यावर नवा भाव लिहितात आणि मुलं त्या भावाला घेतात-विकतात. १९६४ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘स्टॉक्स अँड बाँड्स’ हा पटावरचा खेळ याच जातीचा. बेरीज-वजाबाकी, नफा-तोटा शिकायला तो ठीक आहे. पण भाव तयार कसा होतो, हा मूळ प्रश्न त्यात येतच नाही. दुसऱ्या प्रकारात भाव मुलंच ठरवतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

हा दुसरा प्रकार हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात खेळवला आणि १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांनी मुलांना कार्डं वाटली. विकणाऱ्याच्या कार्डावर किमान किंमत, घेणाऱ्याच्या कार्डावर कमाल. मग मुलं वर्गात फिरून दोघा-दोघांत घासाघीस करत. असे ४६ बाजार भरले. पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्यानुसार जितके सौदे व्हायला हवेत, त्याहून जवळजवळ प्रत्येक वेळी जास्त झाले, आणि भावही पुस्तकी भावाला जुळले नाहीत. चेंबरलिन यांना तेच दाखवायचं होतं.

त्या वर्गात खेळलेल्यांपैकी एक होता व्हर्नन स्मिथ. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवायला लागल्यावर १९५६ च्या जानेवारीत त्याने तोच खेळ दोन बदल करून मांडला. एक, बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने द्यायची. दोन, तीच कार्डं ठेवून बाजार पुन्हा-पुन्हा भरवायचा, जणू दुसरा दिवस, तिसरा दिवस. आणि भाव झपाट्याने पुस्तकी भावाजवळ जाऊन स्थिरावले, तेही कुणालाच दुसऱ्याचं कार्ड ठाऊक नसताना. याच वाटेने केलेल्या कामासाठी स्मिथला २००२ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडच्या माणसाला हा फरक समजायला अर्थशास्त्र लागत नाही. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची रीत आपण पाहिलेली आहे. शेजारच्याचा बैल कितीला गेला, ते तुम्हाला कळत नाही. हा चेंबरलिनचा बाजार. बाजार समितीच्या आवारातला उघड लिलाव, जिथे अडत्याची आरोळी सगळ्यांच्या कानावर जाते, तो स्मिथचा. आपल्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला, त्यामागे हाच विचार होता.

पण कांद्याला एक आधार असतो. तो खाल्ला जातो, संपतो. शेअर पुन्हा विकायसाठीही घेतला जातो. स्मिथने दोन सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये या शेअरचाच खेळ प्रसिद्ध केला. मी तो गावातल्या मुलांबरोबर रुपयांत मांडतो तो असा. कंपनी एकच, काल्पनिक; आम्ही तिला दूधधंद्यातली म्हणतो. पंधरा फेऱ्या. प्रत्येक फेरीत आधी लिलाव, मग डब्यातून एक चिठ्ठी. चिठ्ठ्या चार: ०, ८, २८ आणि ६०. जी निघेल तितके रुपये प्रत्येक शेअरमागे लाभांश, आणि चिठ्ठी परत डब्यात. पंधराव्या फेरीनंतर कंपनी बंद, शेअर म्हणजे रद्दी. काहींना तीन शेअर आणि २२५ रुपये, काहींना एक शेअर आणि ९४५ रुपये द्यायचे.

आता हिशेब बघा. चार चिठ्ठ्यांची बेरीज ९६, म्हणजे फेरीला सरासरी २४. पंधरा फेऱ्यांचे ३६०. सुरुवातीला शेअरची लायकी ३६०, आणि दर फेरीला ती २४ नी घटते. दहावी फेरी सुरू होताना सहा लाभांश उरलेले असतात, म्हणजे १४४. यात गुपित काही नाही. सगळं फळ्यावर लिहिलेलं असतं.

तरीही स्मिथच्या खेळांत भाव बहुधा लायकीच्या खाली सुरू झाले, मग ती ओलांडून वर गेले, लायकी घटत असताना वरच राहिले आणि शेवटच्या काही फेऱ्यांत कोसळले. दहाव्या फेरीत थांबून मुलांना दोन आकडे कागदावर लिहायला सांगावं: शेअर शेवटपर्यंत ठेवला तर किती मिळतील, आणि आत्ता किती बोली लावणार. पहिला आकडा बरोबर आणि दुसरा त्याच्या दुप्पट असेल, तर ओळखावं की गणित चुकलेलं नाही. पुढचा आणखी जास्त देईल, या भरवशावर बोली लागते आहे. तीच मुलं तिसऱ्यांदा खेळतात तेव्हा हा फुगा बराचसा विरतो, असं स्मिथलाही आढळलं होतं.

पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. खेळाडूंच्या हातात शेअरच्या मानाने रोकड जास्त दिली की फुगा मोठा होतो. इथे मला १८६५ ची मुंबई आठवते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा ओतला गेला. त्या पैशाला जायला जागा हवी होती. कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपलं, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा देणेकरी बुडाले. पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही गेली. त्यांच्यातले कित्येक जण पिढीजात व्यापारी होते. हिशेब न येणारे नव्हते.

खेळ बिघडतो तो बक्षिसामुळे. फक्त पहिल्या नंबराला बक्षीस ठेवलं की मुलं सगळी रोकड एका डावावर लावतात. दुसरा आला काय आणि शेवटचा आला काय, सारखंच. मग जपून खेळायचं कशाला? खऱ्या शेअरांच्या भावावर काही आठवड्यांच्या शालेय स्पर्धा घेतात, त्यांतही हीच खोट असते. उपाय सोपा आहे. शेवटी हातात जितकी रोकड, त्या प्रमाणात प्रत्येकाला शेंगदाण्याच्या चिक्क्या. ज्याचं बुडालं, त्याला कमी.

या खेळाची एक मर्यादा मात्र उरतेच. इथे लायकी फळ्यावर लिहिलेली असते. खऱ्या कंपनीच्या डब्यात किती चिठ्ठ्या आहेत आणि त्यांवर काय लिहिलंय, हे तिच्या मालकालाही पुरतं ठाऊक नसतं. म्हणून हा खेळ कोणता शेअर घ्यावा, हे शिकवू शकत नाही. १४४ ची वस्तू तीनशेला घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, एवढंच तो दाखवतो.