कौशल्याधारित स्थलांतर : नोकरीच्या निवेदनातील तारखांचा मेळ

कॅनडात कायम वास्तव्यासाठी कौशल्याच्या आधारे अर्ज करणाऱ्यास गेल्या दहा वर्षांचा महिनावार तपशील द्यावा लागतो. दहा वर्षांपूर्वी वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील, तर अठराव्या वर्षापासून पुढचा. त्यात शिक्षण, नोकरी आणि बेकारी या साऱ्यांची नोंद लागते. मध्ये एक महिनाही मोकळा चालत नाही.

देवगड तालुक्यातील जामसंडे येथील एका अभियंत्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. नेमणूकपत्रानुसार तो २ जुलै २०१८ रोजी पुण्यातील कारखान्यात ‘प्रशिक्षणार्थी अभियंता’ म्हणून रुजू झाला. १ जुलै २०१९ रोजी तो ‘गुणवत्ता अभियंता’ म्हणून कायम झाला. भविष्यनिर्वाह निधीचे खातेही त्याच दिवसापासूनचे. कामाचा शेवटचा दिवस ११ फेब्रुवारी २०२२. कार्यमुक्तीपत्रावर मात्र ७ मार्चची तारीख. पुढची नोकरी १ जूनला सुरू झाली.

निवेदनात तो लिहितो : ‘गुणवत्ता अभियंता, जुलै २०१८ ते मार्च २०२२.’ एका ओळीत दोन चुका झाल्या. पहिल्या वर्षीचे पद वेगळे होते आणि मार्चची तारीख पत्र लिहिल्याची आहे, काम संपल्याची नव्हे. एजंटांच्या तयार नमुन्यांत हा घोळ हमखास आढळतो. येथे दोन पदांच्या दोन स्वतंत्र नोंदी हव्यात आणि दुसरी फेब्रुवारीत संपायला हवी.

निधीचे खाते वर्षभर उशिरा उघडलेले दिसते, म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलू नये. ॲप्रेंटिस कायद्याखालील प्रशिक्षणार्थींना निधी लागू नसतो. तसे असल्यास दोन ओळींचा खुलासा जोडावा. नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि बँकेचा उतारा हा त्याचा आधार. पहिल्या वर्षी करकपात झाली असल्यास फॉर्म १६ च्या ‘अ’ भागात त्या मालकाकडील काळ ‘पासून-पर्यंत’ असा छापलेला असतो, तोही ताडून पाहावा. निधीच्या नोंदीतच चूक असेल, तर मालक व कर्मचारी यांच्या संयुक्त घोषणापत्राने ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

फेब्रुवारी ते मे या काळात तो घरच्या हापूसच्या बागेत राबत होता. हंगामच तो! पण मोबदला नसल्यास ‘बाग व्यवस्थापक’ असे पद निर्माण करू नये. ‘बेरोजगार, जामसंडे येथे वास्तव्य, घरच्या बागेत विनावेतन मदत’ असे लिहिणे पुरते.

नुसते कार्यमुक्तीपत्र अनुभवाचा पुरावा म्हणून अपुरे पडते. कंपनीच्या लेटरहेडवरील अनुभवपत्रात पद, काळ, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष कामे नमूद असावी लागतात. कंपनी ते देत नसेल, तर मागणीचा पत्रव्यवहार व इतर पुरावे खुलाशासह द्यावेत. बनावट पत्र किंवा महत्त्वाची खोटी माहिती उघड झाल्यास अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय कॅनडाच्या कायद्यानुसार पाच वर्षे प्रवेशबंदी लागू होते.